ज्यूस बारचं माहितीपत्रक : नऊ लाखांच्या पुढचा हिशेब

फ्रँचायझी देणाऱ्या ज्यूस बारचं माहितीपत्रक कसं असतं, ते न उघडताही सांगता येतं. मुखपृष्ठावर संत्र्याच्या फोडीतून उडणारे तुषार. आतल्या पानावर भारतातलं आरोग्यपेयांचं क्षेत्र किती झपाट्यानं वाढतंय याचा आलेख, तोही उगमाचा पत्ता नसलेला. मग संस्थापकांचा हात बांधलेला फोटो. आणि शेवटच्या पानावर, जिथं वाचणाऱ्याची नजर सगळ्यात आधी जाते तिथं, तीन ओळी : ‘गुंतवणूक फक्त ९ लाखांपासून. महिना १ लाखापर्यंत उत्पन्न. संपूर्ण सपोर्ट.’

या तीन ओळींत सरळ खोटं असं काही नाही. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ हे दोन शब्द लिहिणाऱ्याला सांभाळून घेतात. पण हे पत्रक हातात घेणारा माणूस कोण असतो ते पाहायला हवं. स्वेच्छानिवृत्तीचे पैसे आलेला बँक कर्मचारी, शेतीचा तुकडा विकलेलं कुटुंब, आयटीतली नोकरी सोडू पाहणारं जोडपं. ही मंडळी ‘९ लाख’ वाचतात, गाठीशी अकरा-बारा असतात, म्हणजे आपल्याला जमेल असं ठरवतात. दुकान उघडायच्या आधीच पैसे संपतात आणि उरलेलं कर्जानं किंवा बायकोच्या दागिन्यांनी भरलं जातं. अशी शाखा वर्ष-दीड वर्षात बंद पडली की साखळीचंही नाव जातं, कारण बंद शटरवरची पाटी रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण वाचतो. त्यामुळे स्पष्ट माहितीपत्रक लिहिणं हा काही साखळीनं समोरच्यावर केलेला उपकार नव्हे. ज्याला हा धंदा झेपणार नाही त्याला पहिल्या भेटीआधीच परत पाठवणारी ती चाळणी आहे.

अमेरिकेत ही चाळणी कायद्यानंच लावलेली आहे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचा फ्रँचायझीविषयक नियम १९७९ पासून लागू आहे आणि २००७ मध्ये तो सुधारला गेला. साखळीनं २३ ठरावीक बाबींचा खुलासा लेखी द्यायचा, आणि तो हातात पडल्यापासून किमान १४ दिवस उलटल्याशिवाय सही किंवा पैसे घ्यायचे नाहीत, असा तो नियम. एकूण गुंतवणूक ओळीओळीनं द्यायची, साखळी स्वतः विकत असलेल्या मालातून किती कमावते ते सांगायचं, किती शाखा उघडल्या आणि किती बंद झाल्या तेही सांगायचं. कमाईचा आकडा देणं बंधनकारक नाही. पण द्यायचाच असेल तर त्याला आधार हवा आणि तो खुलाशातच हवा.

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. व्यवहार चालतो तो मुख्यतः १८७२ च्या भारतीय करार कायद्यावर. त्यातल्या १७, १८ आणि १९ या कलमांत फसवणूक, चुकीचं निवेदन आणि त्यामुळे करार रद्द करण्याचा हक्क येतो, पण तो सिद्ध करायचा म्हणजे कोर्टाची पायरी. त्यात बहुतेक करारनाम्यांत एक कलम असतं : या करारापूर्वी तोंडी वा छापील जे काही सांगितलं गेलं ते बंधनकारक नाही. म्हणजे ज्या पत्रकावर विसंबून माणूस आला, तेच पत्रक सहीच्या दिवशी रद्दी ठरतं. ज्या साखळीला नीट वागायचं आहे तिनं यावर एक साधा उपाय करावा. पत्रकावर तारीख आणि आवृत्ती क्रमांक छापावा आणि ते करारनाम्याला परिशिष्ट म्हणून जोडावं. हे करायचं ठरलं की पत्रक लिहिणाऱ्याचा हात आपोआप जपून चालतो.

आता त्या नऊ लाखांकडे येऊ. समजा, पुण्याच्या उपनगरात दोनशे चौरस फुटांचं दुकान घ्यायचं आहे, भाडं महिना ४५ हजार. खालचे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत. प्रत्येक गावात आणि प्रत्येक साखळीत ते बदलतील, पण हिशेबाची रीत बदलणार नाही.

पत्रकातले ९ लाख कसे झाले? फ्रँचायझी फी ३ लाख, मशिनरी ४ लाख, पाटी आणि उद्घाटन २ लाख. म्हणजे साखळीच्या हातात किंवा तिच्या हातून जाणारे पैसे तेवढे मोजले. बाकीचे पैसे घरमालक, सुतार, दलाल आणि महावितरणकडे जाणार, म्हणून ते मोजले नाहीत. इथंच गोम आहे. साखळी आपल्या गल्ल्यात काय येतं ते लिहिते, वाचणारा मात्र आपल्या खिशातून काय जाईल ते वाचत असतो.

पहिली भर जीएसटीची. फी, मशिनरी आणि छपाईवर १८ टक्के धरले तर ९ लाखांवर १ लाख ६२ हजार होतात. कुणी म्हणेल, तो कर तर परत मिळतो. इथं नाही मिळत. तिथल्या तिथं रस काढून देणारं दुकान साधारणपणे उपाहारगृहाच्या ५ टक्के दरात मोडतं, आणि त्या दरात खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तेव्हा हा कर सरळ खर्चात धरायचा. ‘अधिक जीएसटी’ असे दोन शब्द बारीक टाइपात छापून ही रक्कम वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आकडा करासहितच छापावा.

त्यानंतर दुकान. आतलं फर्निचर, नळजोडणी, वायरिंग, फरशी, सांडपाण्याची व्यवस्था यांचे करासह ३ लाख ६० हजार धरू. सहा महिन्यांचं डिपॉझिट २ लाख ७० हजार. दलालाला एक महिन्याचं भाडं, आणि काम चालू असताना दोन महिने दुकान बंद असूनही द्यावं लागणारं भाडं, मिळून १ लाख ३५ हजार. या दोन महिन्यांच्या भाड्याचा उल्लेख मी तरी क्वचितच पाहिला आहे. एफएसएसएआयचा परवाना, दुकान नोंदणी, महापालिकेच्या परवानग्या आणि विजेचा भार वाढवून घेणं यांचे ४८ हजार. उद्घाटनाआधीच्या महिन्यात पोरं प्रशिक्षणाला असतात तेव्हाचा पगार आणि पहिला माल, ९५ हजार. झाले सगळे मिळून १९ लाख ७० हजार.

दुकान उघडलं, पण ते पहिल्या दिवसापासून स्वतःच्या पायावर उभं राहत नाही. भाडं आणि पगार पहिल्या महिन्यापासून पूर्ण द्यावे लागतात, गिऱ्हाईक मात्र हळूहळू जमतं. त्यासाठी आणखी ३ लाख हाताशी हवेत. एकूण २२ लाख ७० हजार, त्यातले २ लाख ७० हजार डिपॉझिटचे, दुकान सोडताना परत यायचे. माहितीपत्रकातला परिच्छेद मग असा लिहिता येतो :

‘दोनशे चौरस फुटांची शाखा उघडून पहिले सहा महिने चालवायला करासहित साधारण २३ लाख रुपये लागतात. त्यांपैकी सुमारे साडेदहा लाख आमच्याकडे किंवा आमच्या पुरवठादारांकडे जातात, उरलेले तुम्ही स्थानिक पातळीवर खर्च कराल. फी परत मिळत नाही. ही सगळी रक्कम कर्जाऊ असेल तर कृपया अर्ज करू नका. किमान निम्मी स्वतःची असावी असं आमचं म्हणणं आहे.’

मार्केटिंगवाले हा परिच्छेद पाहून कपाळाला हात लावतात. चौकशा निम्म्यावर येतील, म्हणतात. येतीलच. पण ज्या निम्म्या येणार नाहीत त्यांच्यापायी आधी विक्री प्रतिनिधींचे किती दिवस खर्ची पडत होते, तेही त्यांनी सांगावं.

कमाईच्या ओळीचं काम यापेक्षा अवघड, कारण इथं सगळ्यांनाच एक आकडा हवा असतो. ‘महिना १ लाखापर्यंत’ असं म्हणण्याऐवजी दिवसाला किती बिलं झाली तर काय होईल ते दाखवावं. बिल ही गोष्ट दुकानासमोर तासभर उभं राहून कुणालाही मोजता येते. नफा असा मोजता येत नाही.

आपल्याच उदाहरणात सरासरी बिल कर वगळून ११० रुपये धरा. त्यातले ३८ टक्के फळं, दूध, बर्फ, ग्लास आणि वाया जाणाऱ्या मालात जातात. रॉयल्टी ६ टक्के, पण त्यावर पुन्हा १८ टक्के जीएसटी आणि त्याचीही वजावट नाही, म्हणून प्रत्यक्षात ७.०८. जाहिरात निधीचे २ टक्के तसेच २.३६ होतात. उरतात साडेबावन्न टक्के, म्हणजे एका बिलामागे सुमारे ५८ रुपये. या ५८ रुपयांतून भाड्याचे ४५ हजार, तीन जणांच्या पगाराचे ४८ हजार, विजेचे १५ हजार आणि किरकोळ ९ हजार काढायचे. म्हणजे महिन्याचा ठरलेला खर्च १ लाख १७ हजार.

दिवसाला ६८ बिलं झाली की हा खर्च जेमतेम निघतो. मालकाच्या हाती शून्य. शंभर बिलं झाली तर महिन्याला साधारण ५६ हजार उरतात. आणि पत्रकात छापलेला १ लाख हवा असेल तर दिवसाला १२५ ते १३० बिलं लागतात, महिन्याचे तीसही दिवस. शंभर बिलांच्या हिशेबानं डिपॉझिट सोडून घातलेले २० लाख परत यायला तीन वर्षं लागतात, आणि त्या तीन वर्षांत मालकानं स्वतःसाठी पगार घेतलेला नाही असं त्यात गृहीत आहे.

हा तक्ता पत्रकात छापला की वाचणारा योग्य प्रश्न विचारू लागतो : तुमच्या शाखांमध्ये दिवसाला किती बिलं होतात? मग ते सांगावंच लागतं. सरासरी सांगून भागत नाही, कारण स्टेशनसमोरची एकच शाखा सगळी सरासरी वर ओढते. चालू असलेल्या सर्व शाखा बिलांच्या क्रमानं लावून मधल्या शाखेचा आकडा द्यावा, आणि किती शाखा ६८ च्या खाली आहेत तेही लिहावं. कंपनीच्या स्वतःच्या शाखा आणि फ्रँचायझीच्या शाखा एकत्र मोजू नयेत. कंपनी आपल्या शाखेकडून स्वतःलाच रॉयल्टी घेत नाही आणि जागाही सगळ्यात चांगली निवडून बसलेली असते.

ज्यूसच्या धंद्याला आणखी एक वळण आहे, जे चहाच्या किंवा वडापावच्या फ्रँचायझीत इतकं तीव्र नसतं. हा धंदा ऋतूंवर चालतो, आणि ऋतू दोन्ही बाजूंनी पकडतो. मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत ग्लासामागून ग्लास जातात. पहिला पाऊस पडला की तीच माणसं कणसाच्या गाडीपाशी दिसतात. पण उन्हाळ्यात गल्ला भरतो म्हणून तेवढाच नफा होतो असं समजू नये. मोसंबी घ्या. मराठवाड्यातल्या आंबिया बहराची फळं ऑगस्टपासून पुढं येतात, मृग बहराची फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमाराला. मे महिन्यात मागणी शिगेला असते तेव्हा आवक आटलेली असते.

साल, चोथा आणि बिया वगळता मोसंबीच्या वजनाच्या साधारण ४० ते ४५ टक्के रस निघतो. म्हणजे ३०० मिलिलिटरच्या ग्लासाला जवळपास पाऊण किलो फळ. बर्फानं ग्लास भरायचा नाही असं साखळीचं धोरण असेल तर यातून सुटका नाही. ५० रुपये किलोनं एका ग्लासात ३७ रुपयांचं फळ जातं, ८० रुपयांनी ६० रुपयांचं. ग्लासाची किंमत मात्र दोन्ही वेळा ११०, कारण दर वाढवायचा अधिकार शाखेला नाही. तो साखळीच्या मेन्यूकार्डावर छापलेला आहे.

म्हणून तक्त्यात एक ‘सरासरी महिना’ न दाखवता मे आणि जुलै असे दोन महिने शेजारीशेजारी दाखवावेत. समजा मेमध्ये दिवसाला १५० बिलं झाली. ३८ टक्के मालखर्चाच्या हिशेबानं हाती १ लाख ४३ हजार यायला हवेत, पण फळ महागून तोच खर्च ४५ टक्क्यांवर गेला तर १ लाख ८ हजार येतात. पस्तीस हजार मार्केट यार्डातच राहतात. जुलैत ६० बिलं झाली तर १३ हजार खिशातून घालावे लागतात. हे दोन्ही रकाने पाहिलेला माणूस जुलैत घाबरून फोन करत नाही, आणि मेच्या गल्ल्यावर नवी गाडीही बुक करत नाही. उद्घाटन कोणत्या महिन्यात करावं तेही साखळीनं स्पष्ट लिहावं. जूनमध्ये उघडलेल्या शाखेचे हाताशी ठेवलेले ३ लाख दिवाळीच्या आत संपू शकतात. साखळीला मात्र फी कोणत्याही महिन्यात सारखीच मिळते, म्हणून तिनं हे आपणहून सांगण्याला किंमत आहे.

फोनवरून येणाऱ्या ऑर्डरींचंही असंच. डिलिव्हरी अ‍ॅपनं बिलाचा चौथा भाग कापून घेतला आणि साखळीनं रॉयल्टी पूर्ण बिलावर लावली, तर त्या ११० रुपयांतून फळ, अ‍ॅप आणि साखळी यांचं देऊन शाखेकडे तीस-एक रुपये उरतात, वर झाकणाचा ग्लास आणि पिशवी वेगळी. ‘रॉयल्टी विक्रीवर’ एवढंच लिहिणं म्हणूनच पुरेसं नाही. कोणत्या विक्रीवर? कर धरून की वगळून, सवलतीच्या आधी की नंतर, अ‍ॅपनं कापण्याच्या आधी की नंतर? एका वाक्याचं काम आहे, पण नंतरच्या भांडणांतली बरीचशी त्या न लिहिलेल्या वाक्यावरून होतात.

‘संपूर्ण सपोर्ट’ या दोन शब्दांवर एक सोपी कसोटी लावता येते. वाक्यात कर्ता, क्रियापद, मुदत आणि पैसे कुणाचे या चारही गोष्टी सापडतात का पाहायचं. ‘जागानिवडीत मार्गदर्शन’ या वाक्यात एकही सापडत नाही. त्याऐवजी असं लिहावं : ‘तुम्ही सुचवलेल्या जागेसमोर आमचा माणूस एक कामाचा दिवस आणि एक रविवार, सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ थांबून येणारे-जाणारे मोजतो. मोजणीचा कागद तुम्हाला देतो. तीन जागांपर्यंत याचे पैसे घेत नाही. आमची संमती म्हणजे धंद्याची हमी नव्हे, भाडं परवडतं का ते तुम्हीच ठरवायचं.’

प्रशिक्षणाचंही तसंच. किती दिवस, कुठल्या दुकानात, किती माणसांना, राहण्या-जेवणाचा खर्च कुणाचा. आणि त्याहून महत्त्वाचं, ती शिकलेली पोरं सोडून गेल्यावर काय? ज्यूस काउंटरवरची मुलं वर्षभर टिकली तरी पुष्कळ. मग पुढच्या तुकडीला साखळी फुकट शिकवते की माणशी पैसे लावते? उद्घाटनाच्या वेळच्या प्रशिक्षणाबद्दल पान भरून लिहिणारी पत्रकं या दुसऱ्या तुकडीबद्दल गप्प असतात.

मशीन बंद पडणं हा तिसरा प्रसंग. एप्रिलमधल्या शनिवारी संध्याकाळी रस काढायचं यंत्र बसलं तर तो दिवस गेलाच. ‘तांत्रिक साहाय्य उपलब्ध’ असं छापण्यापेक्षा पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये २४ तासांत माणूस येईल, इतर जिल्ह्यांत ७२ तास लागतील, तोवर पर्यायी यंत्र मिळणार नाही, असं लिहिलेलं बरं. यात फुशारकी नाही, पण हे वाचून लातूरचा माणूस एक जादा मिक्सर घेऊन ठेवेल. तेवढ्यानं त्याचा शनिवार वाचतो.

मालाच्या सक्तीबद्दल मात्र साखळ्यांची लेखणी फार अडखळते. गोठवलेला गर, सिरप, छापील ग्लास, प्रोटीन पावडर आमच्याकडूनच घ्यायची, ही अट गैर नाही. चव आणि दर्जा सगळीकडे सारखा ठेवायचा तर ती लागते. पण त्या मालावर साखळी नफा कमावत असेल तर ते सांगायला हवं. रॉयल्टी कमी ठेवायची आणि ग्लास-गरातून वसूल करायची हा मार्ग काही साखळ्या धरतात. ‘रॉयल्टी शून्य’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं दिसलं की पुढचा प्रश्न मालाच्या दरपत्रकाचा विचारावा. साधं वाक्य पुरतं : ‘खालील सात वस्तू आमच्याकडूनच घ्याव्या लागतात. त्यांवर आम्हाला नफा मिळतो. दर वर्षातून जास्तीत जास्त दोनदा बदलतात, तीस दिवस आधी कळवून. ताजी फळं तुम्ही तुमच्या बाजारातून घ्यायची, आकार आणि पक्वता आमच्या तक्त्याप्रमाणे.’

क्षेत्राचं संरक्षणही असंच तपशिलात जिरतं. ‘दीड किलोमीटरच्या परिघात दुसरी शाखा नाही’ हे वाचून माणूस निर्धास्त होतो. पण साखळीनं दोन किलोमीटरवर फक्त ऑनलाइन ऑर्डरींसाठी स्वयंपाकघर उघडलं, तर ते याच्या गिऱ्हाइकांच्या घरी पोचतं आणि नियमही मोडत नाही. परीघ दुकानांचा की डिलिव्हरीचा, हे लिहिलेलं नसेल तर लिहिलेलं संरक्षण अर्धंच आहे.

साखळी काय देणार एवढ्यावरच बहुतेक पत्रकं थांबतात. फ्रँचायझी घेणाऱ्याकडून काय हवंय हे लिहायला ती संकोचतात, जणू पाहुण्याला भांडी घासायला सांगायचं आहे. त्यातली सगळ्यात मोठी अपेक्षा म्हणजे मालकाचा वेळ. वर काढलेल्या हिशेबात तीन पगार आहेत, मॅनेजरचा पगार नाही. तो वीस-बावीस हजारांचा धरला तर शंभर बिलांवर उरलेल्या ५६ हजारांतून तो जाईल. तेव्हा ‘नोकरी सांभाळून अतिरिक्त उत्पन्न’ असं छापणं आणि तीनच पगारांचा तक्ता देणं या दोन गोष्टी एकमेकींना खोडतात. लिहायचं ते असं : ‘पहिलं वर्ष मालकानं किंवा घरातल्या एका व्यक्तीनं आठवड्यातले सहा दिवस, रोज किमान सहा तास दुकानात असावं. शनिवार-रविवार संध्याकाळी तर असावंच. हे शक्य नसेल तर मॅनेजरचा पगार धरून हिशेब पुन्हा करा आणि मग आमच्याशी बोला.’

पहाटेची खरेदी, फळांची निवड, रात्री यंत्राचा प्रत्येक भाग सुटा करून धुणं, पिण्याच्या पाण्याचाच बर्फ वापरणं, उरलेला कापलेला माल दुसऱ्या दिवशी न वापरणं, ही कामं पत्रकात आली की अर्जदाराला दिवस कसा जाईल ते दिसतं. फळ फेकायला जीव धजत नाही अशा माणसानं या धंद्यात पडू नये, हेही लिहायला हरकत नाही. वाया जाणारा माल वाचवण्यासाठी काल कापलेलं कलिंगड आज चालवलं गेलं, तर एका शाखेतल्या पोटदुखीची चर्चा सगळ्या शाखांना भोवते.

राहिली ती बाहेर पडण्याची गोष्ट. तिचा शब्दही सहसा पत्रकात नसतो, कारण लग्नाच्या पत्रिकेत कुणी काडीमोडाचे नियम छापत नाही. पण हा धंदा आहे. इथं फ्रँचायझीची मुदत पाच वर्षं आणि दुकानाचा लिव्ह अँड लायसन्स करार तीन वर्षांचा, असा प्रकार नेहमी घडतो. घरमालकानं तिसऱ्या वर्षानंतर भाडं दीडपट केलं किंवा जागाच मागितली, तर नव्या जागेचं फर्निचर पुन्हा कुणाच्या पैशानं? साखळी हलवण्याची फी घेणार का? मुदतीआधी दुकान विकायचं झालं तर नव्या माणसाला मान्यता द्यायला किती दिवस आणि किती पैसे? बंद केल्यावर त्याच जागी स्वतःच्या नावानं रसवंती चालवता येईल का? धंद्याला मनाई करणारे करार आपल्याकडे करार कायद्याच्या २७ व्या कलमामुळे सहजासहजी टिकत नाहीत, पण साखळीची पाटी, रंग आणि पाककृती वापरायला बंदी घालता येते. हा फरक पत्रकात दोन ओळींत सांगितला की पुढची बरीच धमकीवजा पत्रं टळतात.

याच पानावर आणखी एक यादी हवी. गेल्या तीन वर्षांत किती शाखा उघडल्या, किती बंद झाल्या, किती दुसऱ्याला विकल्या गेल्या आणि किती कंपनीनं स्वतःकडे घेतल्या. अमेरिकेतल्या खुलाशात तर सोडून गेलेल्या फ्रँचायझींची नावं आणि संपर्कही द्यावे लागतात, म्हणजे नव्या माणसाला त्यांना थेट विचारता येतं. आपल्याकडे साखळीला हे त्या लोकांच्या संमतीनं करता येईल. चालू शाखांचे फोन नंबर तर कुठलीही साखळी देते, आणि तेही उत्साहानं बोलणाऱ्या चौघांचेच. बंद केलेल्यांपैकी दोघे तरी बोलायला तयार आहेत, असं जी साखळी लिहू शकते तिच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला सोपं जातं.

आणि यंत्रांचं काय होतं तेही लिहावं. ४ लाखांची मशिनरी तीन वर्षांनी बाजारात विकायला काढली तर साखळीचा लोगो कोरलेल्या काउंटरला गिऱ्हाईक नसतं, आणि रस काढायचं यंत्र पडेल भावानं जातं. साखळी ती परत घेणार असेल तर कोणत्या वर्षी किती टक्क्यांनी, हे छापावं. घेणार नसेल तर ‘घेत नाही’ असं छापावं.